बोलण्याच्या अंतरावरचा चेहरा

जळगाव-धुळ्याकडच्या स्टुडिओत टचिंग करणाऱ्या मुलांना शार्पनिंगची कृती विचारा, बहुतेकांना ती तोंडपाठ असते. लेयरची प्रत काढायची, हाय पास लावायचा, रेडियस तीनच्या आसपास ठेवायचा, लेयर ओव्हरलेवर टाकायचा, झालं. डोळे चमकतात, पापण्या मोकळ्या होतात, साडीच्या काठाची जर उठून दिसते. आणि गाल बिघडतो. नाकाच्या दोन्ही बाजूंना, कपाळाच्या मध्यावर, हनुवटीवर त्वचेची रंध्रं अशी वर येतात की कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसू लागते. मग दुसरी कृती सुरू होते: स्किन स्मूथ. आधी उकरून काढलेलं आता लिंपून टाकायचं. त्यातून तयार होणारा मेणाचा चेहरा लग्नाच्या अल्बमांमध्ये आपण सगळ्यांनी पाहिला आहे.

या सगळ्याचं निदान एका वाक्यात केलं जातं, ‘शार्पनिंग जास्त झालं.’ माझं म्हणणं असं की हे निदानच चुकीचं आहे. शार्पनिंग किती झालं हा प्रश्न इथे दुय्यम आहे. ते कोणत्या आकाराच्या गोष्टींवर झालं आणि कोणत्या उजेड-काळोखाच्या पातळीवर झालं, हे दोन प्रश्न खरे आहेत. प्रमाण कमी केलं तर रंध्रं कमी दिसतील हे खरं, पण डोळेही तेवढेच निस्तेज होतील. म्हणजे रोग आणि रोगी दोघांनाही सारखंच औषध.

हाय पास फिल्टर नेमकं काय करतो ते आधी पाहू. तो चित्राची एक धूसर प्रत मनातल्या मनात तयार करतो आणि मूळ चित्रातून ती वजा करतो. जे धूसर होऊन हरवलं तेवढंच उरतं, आणि ते मध्यम राखाडी रंगावर मांडलं जातं. राखाडीपेक्षा उजळ असेल ते मूळ चित्राला उजळ करतं, गडद असेल ते गडद करतं, नेमकं राखाडी असेल तिथे काही होत नाही. डार्करूमच्या काळात हेच काम काचेवर किंवा फिल्मवर होई: निगेटिव्हवरून मुद्दाम धूसर ठेवलेली पॉझिटिव्ह प्रत काढत, दोन्ही एकावर एक ठेवून प्रिंट काढत. ‘अनशार्प मास्क’ हे चमत्कारिक नाव तिथूनच आलं आहे. अस्पष्ट मास्क वापरून स्पष्ट चित्र मिळवायचं, असा तो प्रकार.

फिल्टरमधला रेडियस म्हणजे त्या धूसरपणाचा आकार. लहान रेडियस ठेवला तर फक्त बारीक गोष्टी उरतात. मोठा ठेवला तर मोठ्या गोष्टीही उरतात. या ‘ही’कडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. रेडियस चाळीस केला म्हणजे फिल्टर गालाचा घाट, ओठाखालची सावली, पापणीची घडी एवढंच पकडेल, रंध्रं सोडून देईल, असा समज असतो. तसं होत नाही. चाळीसच्या धूसरपणात रंध्रं तर कधीच विरलेली असतात, त्यामुळे वजाबाकीत ती पुरीच्या पुरी उरतात. लोकल कॉन्ट्रास्टसाठी मोठा रेडियस लावणारा माणूस नकळत बारीक शार्पनिंगही करत असतो. चेहऱ्याला उठाव देताना गाल खरबरीत झाले, तर दोष बहुधा इथे असतो.

आता माप. ट्यूटोरियलमधला ‘रेडियस तीन’ हा आकडा मला निरर्थक वाटतो, कारण तो पिक्सेलमध्ये आहे आणि चेहरा मिलिमीटरमध्ये. फ्रेममध्ये चेहरा किती मोठा आहे हे कळल्याशिवाय तीन पिक्सेल म्हणजे त्वचेवर किती, हे कळणार कसं? सुदैवाने प्रत्येक पोर्ट्रेटमध्ये एक पट्टी आपोआप असते. माणसाच्या बुबुळाचा, म्हणजे डोळ्यातल्या रंगीत वर्तुळाचा, व्यास प्रौढांमध्ये साधारण बारा मिलिमीटर असतो. माणूस उंच असो, ठेंगणा असो, त्यात फार फरक पडत नाही. फोटोत बुबुळ किती पिक्सेल रुंद आहे ते मोजायचं आणि बाराने भागायचं. एका मिलिमीटरला किती पिक्सेल, ते मिळालं.

एक उदाहरण घेऊ. धुळे जिल्ह्यातल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका निवृत्त होत होत्या आणि निरोप समारंभासाठी त्यांचा बारा बाय अठरा इंचांचा फोटो फ्रेम करायचा होता. चोवीस मेगापिक्सेलचा उभा फोटो, ४००० बाय ६०००. खिडकीतून एका बाजूने येणारा प्रकाश, एप्रिल महिना, म्हणजे कपाळावर घामाची चमक होतीच. बुबुळ मोजलं तर १३२ पिक्सेल. म्हणजे मिलिमीटरला अकरा पिक्सेल. चेहऱ्यावरची नजरेत भरणारी रंध्रं साधारण पाव ते अर्धा मिलिमीटरची असतात, म्हणजे या फोटोत तीन ते साडेपाच पिक्सेल. दोन रंध्रांमधलं अंतर मिलिमीटरच्या आसपास धरलं तर दहा-अकरा पिक्सेल. पापणीचा केस एक मिलिमीटरचा दहावा भाग, म्हणजे जेमतेम एक पिक्सेल. ओठाच्या कडेची वळी, डोळ्याखालची घडी, नाकपुडीचा काठ हे सगळं काही मिलिमीटरांचं, म्हणजे वीस-तीस पिक्सेल आणि त्याहून मोठं.

हा तक्ता डोळ्यांसमोर ठेवला की कळतं, रेडियस तीनवर नेमकं काय होतं. रंध्रांच्या आकारावरच आपण बोट ठेवतो. बाईंचा पहिला प्रिंट तसाच निघाला होता. त्यांनी चष्मा लावून पाहिला आणि म्हणाल्या, “अहो, माझे गाल एवढे खरबरीत कधी झाले? सुरकुत्यांचं काही नाही, त्या माझ्याच आहेत.” या वाक्यातला भेद मला तांत्रिकदृष्ट्याही बरोबर वाटतो. त्याकडे पुढे येतो.

आधी ओव्हरलेबद्दल. कारण माझ्या मते आपल्याकडच्या पोर्ट्रेटांची खरी अडचण रेडियसपेक्षाही इथे आहे, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. ओव्हरले सगळ्या पातळ्यांवर सारखा परिणाम करत नाही. चित्रातला भाग अगदी काळा किंवा अगदी पांढरा असेल तर तो जवळजवळ काहीच करत नाही. मधल्या राखाडीवर त्याचा जोर पूर्ण असतो. शून्य ते २५५ या मोजणीत १२८ला शंभर टक्के परिणाम धरला, तर दोन्ही टोकांकडे तो सरळ उतरत जातो. गोऱ्या युरोपीय त्वचेचा उजळ भाग या मोजणीत साधारण २१०-२१५ला असतो. तिथे ओव्हरलेचा परिणाम तीस-पस्तीस टक्के. आपल्याकडची गव्हाळ किंवा सावळी त्वचा ११० ते १५०च्या दरम्यान पडते. तिथे परिणाम ऐंशी टक्क्यांपासून शंभरपर्यंत. आणि आपले काळे केस, काळ्या भुवया पंचवीस-तीसला असतात. तिथे जेमतेम वीस टक्के.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. जे धारदार व्हायला हवं त्या केसांना आणि भुवयांना ओव्हरले वीस टक्के देतो, आणि जी त्वचा जशी आहे तशी राहायला हवी तिला शंभर टक्के देतो. गोऱ्या चेहऱ्यावर बसवलेली कृती सावळ्या चेहऱ्यावर तिप्पट जोराने रंध्रं उकरते. मग टचिंगवाला म्हणतो, ‘आपल्या लोकांची स्किनच रफ असते.’ त्वचा रफ नसते, गणित दुसऱ्याच्या चेहऱ्याचं असतं. आणि पुढचा उपायही त्याच दिशेने जातो: चेहरा उजळ करा. उजळ केला की ओव्हरलेचा जोर आपोआप कमी होतो आणि त्वचा गुळगुळीत दिसते. ‘थोडं गोरं केलं की फोटो क्लीन येतो’ हा स्टुडिओंमधला अनुभव त्यामुळे खोटा नाही, पण त्याचं कारण त्वचेच्या रंगात नाही, ब्लेंड मोडच्या सूत्रात आहे. खानदेशातल्या उन्हात उभं आयुष्य गेलेल्या बापाला मुलीच्या लग्नाच्या अल्बममध्ये पिठासारखा पांढरा करण्यामागे हौस किती आणि हे गणित किती, याचा हिशेब कोणीतरी मांडायला हवा.

त्यामुळे बारीक शार्पनिंगसाठी ओव्हरले नको. लिनियर लाइट हा मोड सगळ्या पातळ्यांवर सारखाच परिणाम करतो, काळ्या भुवईवर जेवढा तेवढाच गव्हाळ गालावर. तो सरळ आणि जोरकस आहे, म्हणून ओपॅसिटी कमी ठेवावी लागते. पण तेवढ्याने काम भागत नाही. पापणी एक पिक्सेल आणि रंध्र तीन पिक्सेल, म्हणजे आकाराने ती शेजारी-शेजारी आहेत. रेडियस एकवर आणला तर पापण्या जास्त आणि रंध्रं कमी उचलली जातात, पण रंध्रांच्या कडा येतातच. आकाराने जे वेगळं करता येत नाही ते जागेने करावं लागतं. म्हणजे मास्क. रंध्रं गालावर आहेत, पापण्या डोळ्यावर आहेत. हे इतकं उघड आहे की सांगायला संकोच वाटतो, पण तरीही संपूर्ण चेहऱ्यावर एकच लेयर फिरवणारेच जास्त.

बाईंच्या फोटोत ते असं केलं. मूळ लेयरची प्रत काढली, तिचा रंग काढून टाकला म्हणजे कडांना रंगीत किनार येत नाही. Filter > Other > High Pass, रेडियस १. मोड लिनियर लाइट, ओपॅसिटी चाळीस टक्के. त्यावर काळा मास्क, म्हणजे परिणाम सगळीकडे बंद. मग मऊ कडेच्या पांढऱ्या ब्रशने फक्त बुबुळं, पापण्यांच्या रेषा, भुवया, ओठांची बाह्यरेषा, कपाळावरची केसांची सुरुवात, चष्म्याची दांडी, मंगळसूत्र आणि साडीचा काठ रंगवला. जळगाव ही सोन्याची पेठ, तिथे दागिना धूसर दिसला तर गिऱ्हाईक फोटो परत करतं, त्यामुळे दागिन्यांवर ब्रश जरा मोकळ्या हाताने फिरवावा. खालच्या पापणीच्या रेषेपाशी मात्र हात आवरता घ्यावा. तिथून दोन मिलिमीटर खाली ब्रश घसरला तर डोळ्याखालची पातळ त्वचा लगेच दाणेदार होते.

आता लोकल कॉन्ट्रास्ट, म्हणजे चेहऱ्याचा उठाव. इथे रंध्रं वगळण्यासाठी मास्कचा उपयोग नाही, कारण उठाव हवा आहे तो नेमका गालावरच. जागा एकच आहे, म्हणून आता वेगळं करायचं ते आकाराने. आणि इथे आकार खरंच दूर-दूर आहेत: रंध्रं आणि त्यांच्यामधली अंतरं मिलिमीटरच्या आत, चेहऱ्याचे घाट त्याच्या कितीतरी पट. मोठ्या रेडियसच्या हाय पासमधून रंध्रं पूर्ण उरतात हे वर पाहिलंच. मग त्याच राखाडी लेयरवर पुन्हा ब्लर चालवायचा. एका फिल्टरने मोठं कापलं, दुसऱ्याने बारीक कापलं, मधला पट्टा उरला. बारीक कापण्याचा आकडा मी अर्धा मिलिमीटर धरतो. बाईंच्या फोटोत तो साडेपाच, म्हणून सहा पिक्सेल. एवढ्या गॉशियन ब्लरमध्ये अकरा पिक्सेलवर पुनःपुन्हा येणारी रंध्रांची जाळी जवळजवळ पूर्ण नाहीशी होते. ब्लर तीनवर ठेवला तर तिचा पाव हिस्सा शिल्लक राहतो, आणि तेवढा दिसतो.

कृती अशी: नवी प्रत, रंग काढलेला. हाय पास रेडियस ४५, म्हणजे त्वचेवर चार मिलिमीटर. त्याच लेयरवर गॉशियन ब्लर ६. मोड या वेळी ओव्हरले, ओपॅसिटी पंचवीस टक्के. हो, ज्याला आत्ताच शिव्या घातल्या तोच ओव्हरले. इथे त्याचा स्वभाव आपल्या बाजूने आहे. उठाव मधल्या पातळ्यांना, म्हणजे गव्हाळ त्वचेला हवा आहे. काळ्याभोर केसांच्या आत आणि पांढऱ्या साडीवर तो नको आहे. एकाच मोडचा एका कामात दोष आणि दुसऱ्या कामात गुण. कृती पाठ करण्यापेक्षा सूत्र समजून घ्यावं, ते यासाठी.

बरोबर झालं की नाही हे ओळखण्याची जागा म्हणजे तो राखाडी लेयर स्वतः, फोटो नव्हे. फोटोत डोळा फसतो. तो चेहरा बघतो, ओळखीचा माणूस बघतो. मोड तात्पुरता नॉर्मल करून, ओपॅसिटी पूर्ण करून नुसता राखाडी लेयर शंभर टक्के आकारात पाहायचा. त्यात गालावर दाणा दिसत असेल तर तो फोटोत जाणारच. ब्लर अर्ध्या-एका पिक्सेलने वाढवायचा. त्यात पापणीची घडी, नाकाची कड, ओठाचा कोपरा मऊ ढगांसारखे ओळखू येत असतील तर ठीक. तेही विरले असतील तर ब्लर जास्त झाला.

या पट्ट्यात अडकणाऱ्या काही गोष्टी मात्र नको असतात. मुरुमांचे खड्डे दोन-चार मिलिमीटरचे असतात, देवीचे वण त्याहून मोठे. ते नेमके आपण उचलतो त्या आकारात बसतात आणि उठावाबरोबर खोल होतात. तिथे आकाराचं गणित हात टेकतं, पुन्हा मास्क घेऊन त्या जागा हाताने झाकाव्या लागतात. दुसरी अडचण जबड्याच्या कडेची. गडद पडद्यासमोर उजळ चेहरा असेल तर कडेला चार-पाच मिलिमीटरची फिकट झालर उमटते. फोटो लहान करून पाहिला की ती पटकन दिसते. चेहऱ्याच्या बाहेरच्या रेषेवरून काळा ब्रश एकदा फिरवला की ती जाते. उठाव आत हवा, बाह्यरेषेला तो लागत नाही.

तिसरी अडचण उन्हाची. एप्रिल-मे महिन्यांत धुळे-जळगावकडे पारा चाळिशीच्या पुढे असतो आणि कपाळ, नाक, गालाचं हाड कायम ओलं असतं. त्वचेचा रंग आतून परतलेल्या प्रकाशातून येतो. चमक मात्र वरच्या ओल्या पृष्ठभागावरून आरशासारखी परतते आणि तिला त्वचेच्या रंगाशी देणंघेणं नसतं. म्हणून सावळ्या चेहऱ्यावर तीच चमक भोवतालच्या मानाने जास्त झगझगीत दिसते, आणि रंध्रं काळ्या ठिपक्यांऐवजी त्यांच्या काठावरच्या पांढऱ्या कणांनी ओळखू येतात. उठावाचा लेयर अशा ठिकाणी चमकेच्या कडा आणखी करकरीत करतो. लेयरच्या Blend If मध्ये Underlying Layer चा पांढरा खटका दुभंगून १७० ते २१५च्या मध्ये ठेवला की उजळ भागांवरचा परिणाम हळूहळू उतरत बंद होतो. पण खरा उपाय फोटो काढण्याआधी कपाळावरून टिश्यू फिरवणे हाच. टिपलेला घाम दहा लेयरांचं काम वाचवतो. कॅमेऱ्यावरच्या उघड्या फ्लॅशने काढलेल्या घामेजलेल्या चेहऱ्याला यातलं काहीही पूर्ण वाचवू शकत नाही.

प्रकाशाचा विषय निघाल्यावर खानदेशात एक नाव घ्यावंच लागतं. चाळीसगावचे केकी मूस, १९१२चा जन्म, १९८९ला निधन. टेबलटॉप छायाचित्रणासाठी ते जगभर नावाजले गेले. चाळीसगावातल्या आपल्या घरात जवळपास कोंडून घेऊन जगले, आणि त्या घराला त्यांनी नाव दिलं होतं ‘रेम्ब्रांझ रिट्रीट’. रेम्ब्रांचं नाव घराला देणाऱ्या माणसाची प्रकाशाबद्दलची श्रद्धा वेगळी सांगायला नको: एका बाजूने येणारा उजेड, दुसरा गाल काळोखात, आणि त्या काळोखात डोळ्याखाली उजेडाचा एक त्रिकोण. चेहऱ्याला याहून सुंदर घडण देणारा प्रकाश नाही. पण टचिंगच्या दृष्टीने त्याची एक किंमत आहे. उजेड जिथे संपतो आणि सावली जिथे सुरू होते त्या पट्ट्यात प्रकाश त्वचेला घासून जातो, आणि प्रत्येक रंध्राच्या खळग्याला स्वतःची सावली मिळते. समोरून उजेड असताना जी रंध्रं दिसतही नाहीत ती या पट्ट्यात ठळक होतात. चेहऱ्याचा घाट वळतो तोही इथेच. म्हणजे जिथे उठाव सर्वांत जास्त हवा तिथेच रंध्रंही सर्वांत जास्त. अशा फोटोवर नुसता मोठा रेडियस म्हणजे संकटाला आमंत्रण, आणि मधल्या पट्ट्याची युक्ती सर्वांत उपयोगी पडते तीही इथेच. बाईंच्या फोटोत खिडकीपासून दूरच्या गालावर हाच प्रकार होता.

आता बाईंच्या त्या वाक्याकडे. सुरकुत्या माझ्या, रंध्रं नाहीत. यावर कोणी म्हणेल, हा ढोंगीपणा आहे. त्वचेवर दोन्ही आहेत, एक ठेवायचं आणि एक दडवायचं हा निवडक खरेपणा झाला. मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण पुन्हा मिलिमीटरमध्येच आहे. चांगल्या नजरेच्या माणसाला एक मीटर अंतरावरून साधारण ०.३ मिलिमीटरपर्यंतचा तपशील वेगळा ओळखू येतो. त्याहून बारीक गोष्टी एकमेकींत मिसळतात. आपण माणसांशी बोलतो ते एक-दीड मीटरवरून. मुख्याध्यापिकांच्या टेबलापलीकडे उभं राहिलेल्या मुलाने, शेजारी बसलेल्या सहशिक्षिकेने, ओट्यावर गप्पा मारणाऱ्या शेजारणीने पाहिलेला त्यांचा चेहरा हा त्या अंतरावरचा चेहरा आहे. त्यात सुरकुत्या आहेत, डोळ्याखालच्या घड्या आहेत, हसताना पडणारी वळी आहे. रंध्रं नाहीत, असली तरी दिसण्या-न दिसण्याच्या सीमेवर. अठरा इंची प्रिंटमध्ये मात्र चेहरा जवळजवळ खऱ्या आकाराचा येतो आणि आपण तो हातात धरून चाळीस सेंटिमीटरवरून पाहतो. इतक्या जवळून बाईंचा चेहरा पाहण्याचा हक्क आणि प्रसंग घरच्या दोन-चार माणसांनाच असेल. लेन्सने पाहिलं म्हणून ते जास्त खरं, असं मानायचं कारण नाही.

म्हणून अर्ध्या मिलिमीटरची जी रेघ मी ब्लरसाठी ओढली ती सोयीची नाही, ती बोलण्याच्या अंतराची रेघ आहे. तिच्यापेक्षा मोठं ते माणसाचं, त्याला उठाव द्यावा. तिच्यापेक्षा बारीक ते कॅमेऱ्याचं, त्याला वाढवू नये. ‘वाढवू नये’ आणि ‘पुसावं’ यातला फरक मला महत्त्वाचा वाटतो. वर सांगितलेल्या कृतीत एकही रंध्र पुसलेलं नाही. कॅमेऱ्याने नोंदली तेवढी ती सगळी जागच्या जागी आहेत. भोवतालचा घाट उठून आला, डोळे धारदार झाले, आणि रंध्रांना त्यातलं काही मिळालं नाही, एवढंच झालं. स्किन स्मूथ करणारा नेमकं उलट करतो: तो बारीक पट्टा मारून टाकतो आणि घाट जसेच्या तसे ठेवतो. त्यामुळे त्वचा मेलेली आणि चेहरा सपाट, दोन्ही एकदम होतं. कोणाला खरंच रंध्रं कमी करायची असतील तर हाच हाय पास उलटा करून, इन्व्हर्ट करून, अगदी थोड्या ओपॅसिटीने गालावर लावता येतो. मी तो हत्यारांच्या पेटीत तळाशी ठेवतो.

एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. आपण पहिला लेयर काढण्याआधीच शार्पनिंग झालेलं असतं. लाइटरूम किंवा कॅमेरा रॉमध्ये रॉ फाइल उघडली की Amount ४० आणि Radius १ आधीच लागलेले असतात, आणि Masking शून्यावर, म्हणजे गालासकट सगळीकडे. Alt दाबून Masking ओढत गेलं की पडदा काळा-पांढरा होतो. पांढरं उरतं तिथेच शार्पनिंग लागतं. गाल काळा होईपर्यंत ओढावं. Clarity स्लायडर पोर्ट्रेटसाठी मी बंदच ठेवतो. तो घाटाबरोबर बारीक पट्टाही उचलतो आणि त्यात ब्लर घालायची सोय नाही. २०१९मध्ये आलेला Texture तर रंध्रांच्याच आकारावर काम करतो. त्याला पोर्ट्रेटमध्ये अधिकात नेणं म्हणजे या सगळ्या लेखाच्या विरुद्ध जाणं.

शेवटी फाइल कुठे जाणार त्यावर बरंच अवलंबून असतं. व्हॉट्सॲपवर फोटो लहान होऊन जातो आणि रंध्रं एका पिक्सेलच्याही आत विरतात. तिथे लहान केल्यानंतर लावलेलं शार्पनिंग त्यांना पुन्हा दाण्याच्या रूपात वर आणतं, म्हणून ते फार हलकं ठेवावं. चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर चेहरा मीटरभराचा असतो, पण बघणारा रस्त्यापलीकडे असतो. तिथे बारीक शार्पनिंगवर वेळ घालवूच नये, नुसता उठाव पुरे. खरी परीक्षा अल्बम आणि फ्रेमची. आणि तिथे आपल्या हातातून फाइल सुटल्यावर आणखी एक हात तिच्यावर फिरतो. बऱ्याच लॅबमध्ये प्रिंटआधी रंग आणि शार्पनिंग आपोआप लागतं, सगळ्या फाइलींना सरसकट, आणि आपण मास्क लावून वाचवलेला गाल तिथे पुन्हा उघडा पडतो. बाईंच्या दुसऱ्या प्रिंटच्या वेळी फाइलच्या नावातच ‘नो करेक्शन, नो शार्प’ लिहिलं आणि वर लॅबमधल्या ऑपरेटरला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, “साहेब, थोडं सॉफ्ट वाटेल.” म्हटलं, वाटू दे, चार बाय सहाची एक टेस्ट स्ट्रिप काढा, फक्त डोळा आणि गाल, आकार लहान न करता. ती पाहूनच मोठा प्रिंट काढायला सांगितला.